खातेउताऱ्यासाठी दोन वाक्ये

‘साहेब, माझ्या खात्याचं मागच्या वर्षाचं स्टेटमेंट ताबडतोब पाहिजे. मुलीच्या लोनला लागतंय. द्यावे ही विनंती.’

समजा, शैक्षणिक कर्जासाठी कागदपत्रे जमवणाऱ्या एका वडिलांनी असा अर्ज काउंटरवर दिला. त्यांना काय हवे ते कर्मचाऱ्याला कळते, पण उतारा काढता येत नाही. त्यांची बचत आणि आवर्ती ठेव अशी दोन खाती असतील, तर यातले कोणते? आणि ‘मागचे वर्ष’ जानेवारी ते डिसेंबर, एप्रिल ते मार्च, की आजपासून मागचे बारा महिने? संगणकात दोन तारखा भरल्याशिवाय उतारा निघत नाही.

तोच अर्ज नीट लिहिला की असा होतो :

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखेचे नाव)

विषय : बचत खात्याचा खातेउतारा मिळण्याबाबत

महोदय,
आपल्या शाखेत माझे बचत खाते (क्र. ……) आहे. मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जासोबत जोडण्यासाठी या खात्याचा १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीचा खातेउतारा बँकेच्या शिक्क्यासह व अधिकाऱ्याच्या सहीसह मिळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक, दिनांक)

‘पाहिजे’च्या जागी ‘मिळावा’ आले आणि हुकमाचा सूर गेला. ‘ताबडतोब’ही गेले. खरोखर घाई असेल, तर ‘कर्जाचा अर्ज १० जूनपर्यंत द्यायचा आहे’ असे लिहावे. तारीख दिसली की निकड समजते. बोलीतले ‘वर्षाचं’, ‘लागतंय’ आणि लेखी ‘द्यावे’ यांची सरमिसळ थांबली. व्यवस्थापक महिला असतील, तर ‘महोदया’ लिहावे.

कारण एका वाक्यांशात आटोपले आहे. मुलीला कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, हे या शाखेला सांगण्याची गरज नाही. शिक्क्याचा उल्लेख मात्र मुद्दाम आहे, कारण घरी छापलेली प्रत सगळीकडे चालत नाही. न्यायालयात उतारा द्यायचा असेल, तर नुसता शिक्काही अपुरा पडतो. तिथे १८९१च्या ‘बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट’प्रमाणे प्रमाणित प्रत लागते, म्हणून अर्जात तसेच मागावे.

शब्द बिनचूक असूनही अर्ज अडू शकतो. सही बँकेकडच्या नमुना सहीशी जुळली नाही, तर कर्मचारी ओळखपत्र मागतो किंवा पुन्हा सही करायला सांगतो. उतारा घ्यायला दुसरे कोणी जाणार असेल, तर त्याच्या नावाचे अधिकारपत्र जोडावे लागते. अर्जात खाते क्रमांक पूर्ण लिहावा. एटीएमचा पिन किंवा ओटीपी कधीच नाही, कारण उतारा काढायला त्यांची गरज नसते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली, तर चार दिवसांनी चौकशीला जाताना तीच दाखवता येते.