ताण म्हणजे टांगलेलं वजन नव्हे

न्यूटनच्या नियमांवरच्या उदाहरणांत उत्तर चुकतं ते बहुधा गुणाकार-भागाकारात नाही, तर बलं मांडतानाच. कप्पीचं नेहमीचं उदाहरण पायरीपायरीने सोडवलं की हे स्पष्ट दिसतं. गुळगुळीत टेबलावर ३ किलोग्रॅमचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली येते आणि तिच्या टोकाला २ किलोग्रॅमचं वजन टांगलेलं आहे. गुरुत्व त्वरण १० मी/से² धरून ठोकळ्याचं त्वरण आणि दोरीतला ताण काढायचा आहे.

उत्तर: त्वरण ४ मी/से², ताण १२ न्यूटन.

पहिली पायरी ठोकळ्यावरच्या उभ्या बलांची. पृथ्वी त्याला ३० न्यूटनने खाली ओढते, टेबल ३० न्यूटनने वर रेटतं. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, असं कित्येक वह्यांत लिहिलेलं असतं. आकडे जुळतात म्हणून ते खरं वाटतं. पण ही दोन्ही बलं एकाच ठोकळ्यावर आहेत आणि तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. ठोकळ्यावर हाताने १० न्यूटनचा दाब दिला तर टेबलाचं बल ४० न्यूटन होतं, वजन मात्र ३० न्यूटनच राहतं. जोडी असती तर दोन्ही एकदम बदलली असती. ठोकळ्याच्या वजनाची खरी जोडी म्हणजे ठोकळ्याने पृथ्वीला वर ओढणं.

दुसऱ्या पायरीवर सर्वांत जास्त उत्तरं घसरतात. टांगलेल्या वस्तूचं वजन २० न्यूटन, दोरी तेच पुढे पोचवते, म्हणजे ताण २० न्यूटन आणि ठोकळ्याचं त्वरण २० भागिले ३, सुमारे ६.७ मी/से², असा हा विचार असतो. ताण खरोखर २० न्यूटन असेल, तर टांगलेल्या वस्तूवर खाली २० आणि वरही २० न्यूटन, म्हणजे एकूण बल शून्य. मग स्थिर सोडलेली ती वस्तू खाली यायलाच नको. ती वेग घेत खाली येते, याचाच अर्थ ताण वजनापेक्षा कमी आहे. हाताने २० न्यूटनने दोरी ओढली तर ६.७ हे उत्तर बरोबर ठरेल. इथे मात्र त्याच २० न्यूटनला ठोकळ्याबरोबर टांगलेल्या वस्तूलाही वेग द्यायचा आहे.

म्हणून प्रत्येक वस्तूचं समीकरण वेगळं मांडायचं. ठोकळ्यासाठी: ताण = ३ × त्वरण. टांगलेल्या वस्तूसाठी: २० − ताण = २ × त्वरण. दोरी ताणून वाढत नाही, म्हणून दोन्हींकडचं त्वरण सारखं. दोरी व कप्पी वजनरहित आणि कप्पी घर्षणरहित मानली आहे, म्हणून ताणही सारखा. (कप्पी जड असेल आणि दोरीबरोबर फिरत असेल, तर दोन्हीकडचा ताण वेगळा येतो.) समीकरणांची बेरीज केली की २० = ५ × त्वरण. त्वरण ४, ताण १२. पडताळा टांगलेल्या वस्तूवर घ्यावा: २० − १२ = ८, आणि २ × ४ = ८.

आता टेबल खरखरीत आहे असं समजू. स्थितिक घर्षणांक ०.५, गतिक घर्षणांक ०.४. टेबलाचं बल ३० न्यूटन असल्याने स्थितिक घर्षण जास्तीत जास्त १५ न्यूटन होऊ शकतं. वजन २० न्यूटन, म्हणून ठोकळा हलतो. हलल्यावर १५ धरणं चूक. तिथे गतिक घर्षण, म्हणजे १२ न्यूटन घ्यायचं. २० − १२ = ८, भागिले ५, त्वरण १.६ मी/से². ताण २० − ३.२ = १६.८ न्यूटन. पहिल्या उत्तरातला १२ इथे उचलून ठेवण्याची चूकही होते. परिस्थिती बदलली की ताणही नव्याने काढावा लागतो.

शेवटचा उपप्रश्न फसवा आहे. त्याच खरखरीत टेबलावर टांगलेलं वजन २ ऐवजी १ किलोग्रॅम केलं तर? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी १० − १५ = −५ करतो, ४ किलोग्रॅमने भागतो आणि त्वरण −१.२५ लिहितो. म्हणजे स्थिर ठोकळा घर्षणामुळे आपोआप मागे सरकू लागला आणि वजन वर चढलं! स्थितिक घर्षण असं कधीच करत नाही. १५ न्यूटन ही त्याची कमाल मर्यादा आहे, ठरलेली किंमत नव्हे. ठोकळा जागचा हलू नये यासाठी लागेल तेवढंच ते असतं. इथे १० न्यूटन पुरतं. म्हणून त्वरण शून्य, घर्षण १० न्यूटन. आणि वस्तू स्थिर असल्यामुळे या एकाच उपप्रश्नात ताण टांगलेल्या वजनाइतका, १० न्यूटन येतो.