‘नंबर तर सगळ्यांकडेच होता’

मुरबाड एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी एक मुलगी धरू. सुपरवायझरच्या वागण्याबद्दल तिने वर तक्रार केली. चार दिवसांनी रात्री साडेअकराला तिचा फोन वाजायला लागला, आणि पलीकडून अनोळखी पुरुष ‘रेट काय’ विचारू लागले. सकाळपर्यंत साठेक मिस्ड कॉल जमले. तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर कुणीतरी खातं काढलं होतं. चुलतबहिणीच्या हळदीतला तिचा फोटो वर लावला होता आणि खाली फोन नंबर, गावाचं नाव, पाड्याचं नावही. आसनगावहून लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या किंवा आश्रमशाळेतल्या एखाद्या शिक्षिकेच्या बाबतीतही हे असंच घडू शकतं. घडलं की शेजारपाजारचे जे सल्ले मिळतात, त्यांतले बरेचसे चुकीचे असतात.

‘नंबर तर सगळ्यांकडेच होता, मग गुन्हा कसला?’

एखाद्याचा नंबर किंवा पत्ता उघड केला, एवढ्यासाठीच वेगळं कलम आपल्याकडे नाही, हे खरं आहे. पण कायदा पाहतो तो नंबर कशासाठी टाकला ते. देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली सुरुवातीला ज्या शिक्षा झाल्या, त्यांतली एक नेमकी अशाच प्रकरणात झाली. २००४ साली चेन्नईतल्या एका महिलेच्या नावाने याहूच्या एका ग्रुपवर घाणेरडे मेसेज टाकले गेले आणि तिला अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले. फेब्रुवारीत तिने तक्रार केली. माग मुंबईपर्यंत आला आणि तिथे राहणाऱ्या, तिच्या ओळखीच्याच माणसाला अटक झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला शिक्षाही लागली. सायबर कॅफेवाल्यांची साक्ष त्यात महत्त्वाची ठरली. इतक्या कमी अवधीत निकाल लागणं नेहमीचं नव्हे, पण तिथे लागलेल्या कलमांपैकी जुन्या दंड संहितेचं ५०९ आज भारतीय न्याय संहितेत कलम ७९ म्हणून आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात घुसखोरी करणं, हे शब्द त्यात स्पष्ट आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

‘पोलीस एनसी घेऊन परत पाठवतात’

पाठवतात, आणि त्याचं एक कारण बहुतेकदा अर्जातच असतं. अर्जात फक्त ‘माझी बदनामी केली’ एवढंच लिहिलं तर बदनामी हा अदखलपात्र गुन्हा ठरतो. तिथे एनसी घेतली जाते आणि पुढची वाट न्यायालयाची. नुसती धमकीही सहसा त्याच रकान्यात जाते. म्हणून जे जे घडलं ते अर्जात घटना म्हणून उतरवायला हवं: माझ्या फोटोने आणि नावाने बनावट खातं चालवलं, त्यावर माझा नंबर टाकला, अमुक तारखेपासून इतके फोन आले, त्यांत ही भाषा वापरली, आणि त्याआधी मी अमुक माणसाविरुद्ध तक्रार केली होती. खोट्या ओळखीला माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं लावली जातात. ती दखलपात्र आहेत आणि ७९ सुद्धा दखलपात्र आहे. मजकूर अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ येतं. लक्ष्य पुरुष असेल तर ७९ लागत नाही, पण खोट्या ओळखीची कलमं त्यालाही लागू होतात.

‘६६ ए लावा’ असा आग्रह मात्र धरू नये. ते कलम आता अस्तित्वातच नाही. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्या अटकेतून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केलं.

‘आधी डिलीट करायला लाव, सिम बदल’

घरचे हेच सांगतात आणि काळजीपोटीच सांगतात. पण पुरावा बहुतेकदा इथेच हातचा जातो. कॉल लॉग त्याच फोनमध्ये आहे, त्याच नंबरवर आहे. रात्री फोन सायलेंटवर टाकावा, ओळखीच्यांपुरता चालू ठेवावा, पण सिम टाकून देऊ नये.

स्क्रीनशॉट घेताना कापाकापी करू नये, वरची वेळ आणि खालचं नाव दोन्ही दिसायला हवं. खात्याचं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची आणि प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करून तारखेसह लिहून ठेवावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरत असेल तर एक बारीक चूक नेहमी होते: स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव ‘भाऊ शहापूर’ असं सेव्ह केलेलं दिसतं, नंबर दिसतच नाही. त्या नावावर बोट ठेवून पूर्ण नंबर उघडावा आणि त्याचाही फोटो घ्यावा. मग दुसऱ्या फोनने सगळं सलग स्क्रोल करत एक व्हिडिओ काढावा.

स्क्रीनशॉटची प्रिंट दिली म्हणजे पुरावा झाला, असंही नाही. जालन्याच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. आता ही तरतूद साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा तो फोन विकू नये आणि रीसेटही करू नये.

एवढं झालं की खातं रिपोर्ट करावं. बनावट ओळख किंवा नग्न चित्राची तक्रार आली की ते हटवायला २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना सुरुवातीला २४ तासांची मुदत घातली होती. काढलेला मजकूर १८० दिवस जपून ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे पोस्ट गेली तरी माग लगेच पुसला जात नाही, पण तो कायमचा राहतही नाही. ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही. ‘फेक अकाउंट सापडतच नाही’ हाही असाच अर्धवट समज. काढणाऱ्याने दिलेला नंबर आणि इंटरनेटचा पत्ता कंपनीकडे असतो, पण तो पोलिसांनाच मिळतो, आणि वेळेत मागितला तरच.

‘त्यासाठी ठाण्याला जावं लागतं’

लागत नाही. टोकावडे, किन्हवली, कसारा, वाशिंद, कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. हद्द दुसरी निघाली तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. हा नियम तपासाचा आहे, तक्रार घेण्याचा नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. cybercrime.gov.in वरही तक्रार टाकता येते. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. ठाण्यातून दाद मिळाली नाही तर लेखी अर्ज पोस्टाने ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा.

ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा टाकण्याच्या मागेही लोक लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा हेतू एकच असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्याला साक्षीदार म्हणून सोबत ठेवलं तर त्याचा उपयोग जास्त.

पॅकिंगवाल्या मुलीची कारखान्यातली तक्रार लैंगिक छळाची असेल, तर पोलिसांबरोबर दुसरी वाटही तिला खुली आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तिच्यासाठी ठाणे गाठावं लागू नये म्हणून कायद्याने प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. त्याने अर्ज सात दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो. मुदत घटनेपासून तीन महिने. कॉलेजात सिनियरने केलं असेल तर राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याप्रमाणे प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. मुलगी अठराच्या आतली आणि मजकूर लैंगिक असेल तर पोलिसांना कळवायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार शाळेला उरत नाही.

सुपरवायझरचा नंबर आपणही टाकावा, असं तिच्या भावाला वाटेल. पण ती पोस्ट पडली की त्याच पोलीस ठाण्यात दुसरा अर्ज येतो, यावेळी तिच्या भावाच्या नावाचा.