गर्भाशय काढायचे ठरले. पण मार्ग कोणता?

गर्भाशय काढण्याचा निर्णय झाला की घरात पहिला प्रश्न निघतो : पोट उघडून की दुर्बिणीतून? जणू मार्ग दोनच आहेत. तिसरा मार्ग योनीचा. त्यात पोटावर एकही छेद येत नाही, आणि शक्य असेल तेथे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना त्यालाच पहिली पसंती देतात. 'अंग बाहेर येत असेल तरच ही शस्त्रक्रिया होते' ही समजूत मात्र खरी नाही. गर्भाशय जागेवर असलेल्या पुष्कळ स्त्रियांमध्येही ती करता येते.

मार्ग ठरतो तो प्रामुख्याने तपासणीच्या टेबलावर. एक हात पोटावर व दुसऱ्या हाताची बोटे योनीत ठेवून शल्यविशारद तीन गोष्टी अजमावतात : गर्भाशय केवढे आहे, ते हलते का, आणि खाली काम करण्यास जागा पुरेशी आहे का. सोनोग्राफी आकार व गाठी दाखवते. गर्भाशय सैल आहे की आजूबाजूला चिकटलेले, हे हातालाच अधिक नेमके कळते.

एक उदाहरण घेऊ. ४६ वर्षांची स्त्री, दोन नैसर्गिक प्रसूती, फायब्रॉइडच्या गाठींमुळे अतिरक्तस्राव. औषधे व हार्मोनयुक्त तांबी यांचा उपयोग झाला नाही. हिमोग्लोबिन ८, म्हणून आधी लोह देऊन ते वाढवले गेले. गर्भाशयमुखाची व आतील अस्तराची तपासणी करून कर्करोग नसल्याची खात्री झाली. गर्भाशय तीन महिन्यांच्या गरोदरपणाएवढे, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. पण चांगले हलणारे. प्रसूतींमुळे योनीत जागाही पुरेशी. येथे योनिमार्ग योग्य.

अशा शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाभोवती छेद घेऊन मूत्राशय हळुवार वर सारतात. पुढून व मागून उदरपोकळीत प्रवेश करून गर्भाशयाला धरणारे बंध आणि त्याच्या रक्तवाहिन्या खालून वर क्रमाने बांधून कापतात. रक्तपुरवठा थांबल्यावर मोठे गर्भाशय दुभागून बाहेर काढता येते. कर्करोगाची शंका असताना ते असे कापता येत नाही; म्हणूनच आधीची तपासणी महत्त्वाची. शेवटी योनीचा वरचा भाग त्याच बंधांना शिवतात, म्हणजे तो पुढे खाली उतरत नाही.

आता त्याच स्त्रीची स्थिती थोडी बदलू. पूर्वी एक सिझेरियन झाले असते, तरी एवढ्यावरून योनिमार्ग बाद होत नाही. मूत्राशय व्रणाला चिकटलेले असू शकते, म्हणून ते अधिक जपून सोडवावे लागते. एंडोमेट्रिओसिसमुळे आतडे गर्भाशयामागे चिकटले असते, किंवा अंडाशयाची गाठ पाहून घ्यायची असती, तर दुर्बीण उपयोगी. तीन-चार लहान छिद्रांतून सारे प्रत्यक्ष पाहून चिकटलेले भाग सोडवता येतात आणि गर्भाशय बहुधा योनीतूनच बाहेर काढतात. गर्भाशय बेंबीपर्यंत पोहोचले असते, अंडाशयाच्या कर्करोगाची शंका असती किंवा आतडी सर्वत्र घट्ट चिकटलेली असती, तर पोट उघडणेच बहुधा सुरक्षित. दुर्बिणीने आरंभ करून मध्येच पोट उघडावे लागले, तर ते अपयश नव्हे. रक्तस्राव आवरेना किंवा अवयव ओळखता येईनात, तेव्हा तोच विवेक.

प्रत्येक मार्गाची किंमत वेगळी. पोट उघडल्यास वेदना व जखमेचा संसर्ग अधिक, आणि पूर्ववत होण्यास सुमारे सहा आठवडे. योनी व दुर्बीण या मार्गांनी स्त्री बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते. मात्र पोट उघडण्याच्या तुलनेत दुर्बिणीत मूत्रमार्गास इजा होण्याचे प्रमाण थोडे अधिक आढळले आहे. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून जाते. तेथे उष्णतेने झालेली इजा काही दिवसांनीही प्रकट होते. घरी आल्यावर कुशीत दुखणे, ताप, वाढत जाणारी पोटफुगी किंवा योनीतून सतत पाण्यासारखा स्राव दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शल्यविशारदाचा हात कोणत्या मार्गाला सरावलेला आहे, यावरही निवड अवलंबून असते. योनिमार्गाचा सराव नसलेला डॉक्टर दुर्बीण सुचवू शकतो, आणि त्याच्या हाती ती अधिक सुरक्षितही असू शकते. म्हणून रुग्ण व कुटुंबीयांनी विचारण्याजोगा प्रश्न असा : "योनिमार्गे का होणार नाही?" गर्भाशयाचा आकार, त्याची हालचाल, आतील चिकटपणा, कर्करोगाची शंका किंवा स्वतःचा अनुभव, यांपैकी नेमके कारण डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.