साखर ४८६, तरीही इन्शुलिन नाही

माझा भाचा २१ वर्षांचा. इंदूरला आमच्याकडे राहून कॉलेज करतो. बाराव्या वर्षापासून त्याला टाइप-१ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही. बाहेरून घ्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात बाहेरचं काहीतरी खाऊन त्याला उलट्या सुरू झाल्या. पोटात काही ठरत नव्हतं, म्हणून त्याने सरळ हिशेब केला: जेवण नाही, तर इन्शुलिनही नाही. दोन दिवस त्याने एकही इंजेक्शन घेतलं नाही आणि आम्हाला सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री तो पलंगावर बसून धापा टाकत होता. श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. आम्ही गाडी काढली.

पावणेदहाला इमर्जन्सीत पोहोचलो. बोटाला सुई टोचून पाहिलं तर साखर ४८६. दहा मिनिटांत रक्ताचे इतर आकडे आले आणि डॉक्टर म्हणाले, "डीकेए, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस." इन्शुलिन नसलं की पेशींना साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. रक्ताचा पीएच ७.३५ च्या वर हवा, त्याचा ७.०८ होता. तो धापा टाकत होता ते हे आम्ल श्वासावाटे कमी करण्याच्या धडपडीत.

त्याला आयसीयूत नेलं, सलाइन सुरू केलं. पहिल्या तासात एक लिटर. साखर इतकी वाढली की लघवीवाटे पाणी वाहून जातं, त्यात उलट्यांची भर. शरीर अक्षरशः सुकलेलं असतं, म्हणून आधी पाणी. इथवर मला समजत होतं. पण अकरा वाजले तरी कोणी इन्शुलिन लावेना. शेवटी मी नर्सबाईंना जरा चढ्या आवाजातच विचारलं, "सिस्टर, इन्शुलिन नाही म्हणून हा आजार झाला ना? मग ते का देत नाही?"

त्या चिडल्या नाहीत. रिपोर्टमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं: पोटॅशियम २.९. म्हणाल्या, "भैया, हे ३.५ च्या वर आल्याशिवाय इन्शुलिन लावलं, तर हृदयाचे ठोके बिघडतील."

नंतर डॉक्टरांनी समजावलं. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं. डीकेएमध्ये ते पेशींतून बाहेर येतं आणि लघवीतून, उलटीतून निघून जातं. त्यामुळे रक्तातला आकडा कित्येकदा बरा, कधी चढाही दिसतो, पण आतली कोठारं रिकामी असतात. भाच्याच्या रक्तातही ते कमी झालं होतं. असे रुग्ण थोडे. इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं. आधीच २.९ असलेला आकडा आणखी घसरला, तर ठोके अनियमित होतात, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मी ज्या औषधासाठी भांडत होतो, त्यानेच त्या क्षणी घात झाला असता.

पोटॅशियम देणंही सोपं नाही. आधी सिस्टरनी त्याला लघवी होते आहे का ते पाहिलं, कारण मूत्रपिंडं बंद असतील तर पोटॅशियम साठून उलटाच धोका. मग दुसऱ्या नर्सला बोलावून दोघींनी मिळून अँप्यूल, मात्रा आणि पिशवीवरचं लेबल वाचलं. ते सलाइनच्या पिशवीत घालून पिशवी नीट हलवली. हे औषध सिरिंजने सरळ शिरेत कधीच देत नाहीत. तसं दिलं तर हृदय थांबू शकतं. मॉनिटरवर नजर ठेवून दोन तासांत ४० एमइक्यू गेलं. सव्वाबाराला आकडा आला ३.६. तेव्हा कुठे इन्शुलिन लागलं. सलाइनमधलं पोटॅशियम त्यानंतरही चालूच होतं आणि दर दोन तासांनी त्याची तपासणी.

इन्शुलिन ताशी दर किलोला ०.१ युनिट. भाचा ५८ किलोचा, म्हणून ताशी साधारण ६ युनिट. ५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० युनिट मिसळून सिरिंज पंपावर लावतात, म्हणजे ६ युनिटला ६ मिलिलिटर. लावण्याआधी सिस्टरनी नळीतून २० मिलिलिटर सोडून दिलं. इन्शुलिन प्लॅस्टिकला चिकटतं. नळी आधी भिजवली नाही तर सुरुवातीला रुग्णाला कमी मिळतं.

पुढे दर तासाला साखर, नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध, किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली, सगळं तक्त्यावर. साखर ताशी ५० ते ७५ ने उतरावी अशी अपेक्षा असते. सुरू करताना ४३०, सव्वाला ३६५. सव्वादोनला ३६२! पंपावर हिरवा दिवा, ६ मिलिलिटर गेल्याची नोंद. मी असतो तर पंपावर विश्वास ठेवला असता. सिस्टरनी पंपापासून हातापर्यंत नळीवर बोट फिरवत नेलं. जोडाजवळ चादर ओली होती. जोड सैल होऊन इन्शुलिन गादीत चाललं होतं. त्यांनी नळी बदलली. सव्वातीनला ३००, सव्वाचारला २३८.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी सलाइनबरोबर ग्लुकोजची बाटली लावली. ताई दचकून म्हणाली, "अहो, त्याला डायबिटीस आहे!" पण साखर २५० च्या खाली आली तरी रक्तातलं आम्ल अजून गेलेलं नसतं. ते घालवायला इन्शुलिन चालूच हवं, आणि साखर फार खाली जाऊ नये म्हणून सोबत ग्लुकोज. इन्शुलिन अर्धं केलं, ताशी ३ युनिट. पहाटे सहाला साखर १९० होती, पण बायकार्बोनेट फक्त १४. ते १८ च्या वर आणि पीएच ७.३ च्या वर जाईपर्यंत पंप बंद करायचा नाही. आम्ही बोटाची साखर पाहत होतो. त्या आम्लाचा हिशेब ठेवत होत्या.

साडेअकराला दोन्ही आकडे आले. भाच्याला भूक लागली होती. लांब पल्ल्याच्या इन्शुलिनचं इंजेक्शन कातडीखाली दिलं, खाऊ घातलं, तरी पंप आणखी दोन तास चालू. शिरेतलं इन्शुलिन काही मिनिटांत संपतं. कातडीखालचं चढायला वेळ लागतो. मधे खंड पडला तर कीटोन परत.

सुट्टी मिळताना सिस्टरनी त्याला समोर बसवून एकच गोष्ट तीनदा म्हणायला लावली: जेवण नसेल तरी लांब पल्ल्याचं इन्शुलिन बंद करायचं नाही. आजारपणात दर दोन-चार तासांनी साखर बघायची, कीटोनची पट्टी लावायची, आणि उलट्या थांबत नसतील तर घरी थांबायचं नाही. आता कीटोनच्या पट्ट्यांची डबी आमच्या फ्रीजवर, दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी असते. तिची मुदत संपली का, ते दर महिन्याला मी बघतो.