व्याजाचा दाखला मागताना

पेन्शनर मंडळींना येणाऱ्या प्राप्तिकराच्या नोटिशीत एक ठरावीक तक्रार वारंवार दिसते. बँकेने प्राप्तिकर खात्याला कळवलेलं व्याज आणि विवरणपत्रात दाखवलेलं व्याज यांत फरक आहे, खुलासा करा. मग बँकेच्या मॅनेजरला पत्र जातं: 'स्टेटमेंट व इंटरेस्ट सर्टिफिकेट द्यावे, तातडीचे आहे.' पत्र दोन ओळींचं, आणि त्यात तारीख, ग्राहक क्रमांक, ठेवीचा उल्लेख असं काहीच नाही. बँक त्याला जेवढं कळेल तेवढं देते, आणि मिळालेला कागद नोटिशीतल्या आकड्याशी जुळत नाही. बँकेचं चुकलेलं असतंच असं नाही. बऱ्याचदा मागणीच समजुतीवर बेतलेली असते.

'पासबुकात सगळं व्याज येतंच की'

येत नाही. घोळ मुख्यतः इथेच होतो, म्हणून एक हिशोब नीट मांडू. समजा, साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय 66. आर्थिक वर्ष 2023-24 मध्ये एकाच शाखेत त्यांचं बचत खातं आणि दोन मुदत ठेवी होत्या. पहिली ठेव 3,60,000 रुपयांची, 7 टक्क्यांनी, दर तिमाहीला व्याज देणारी. दुसरी 5,00,000 रुपयांची, त्याच दराने, पण संचयी. म्हणजे व्याज हातात न येता मुदलात मिसळत जाणारं. ती 1 एप्रिलला ठेवलेली.

पहिल्या ठेवीचं तिमाही व्याज 6,300 रुपये. पासबुकात मात्र चार वेळा 5,670 रुपये जमा झालेले दिसतात, कारण बँकेने 10 टक्के टीडीएस आधीच कापलाय. बाईंनी पासबुक समोर ठेवून बेरीज केली: 22,680, अधिक बचत खात्याचं व्याज 6,200, एकूण 28,880. हाच आकडा विवरणपत्रात भरला.

बँकेने खात्याला काय कळवलं? पहिल्या ठेवीचं पूर्ण व्याज 25,200. दुसऱ्या ठेवीचं तिमाही चक्रवाढीने वर्षाचं व्याज सुमारे 35,930, जे बाईंच्या पासबुकात कुठेच नाही. त्याची खूण एवढीच, की त्या व्याजावरचे 3,593 रुपये टीडीएस म्हणून बचत खात्यातून वळते झाले होते. बचतीचे 6,200 धरून एकूण 67,330. फरक 38,450 रुपयांचा. तो बरोबर दोन तुकड्यांत फुटतो: न मिळालेलं पण साचलेलं 35,930, आणि कापल्यामुळे न दिसलेलं 2,520.

यात लबाडी कुठेच नाही. पण नुसता खातेउतारा जोडून हा फरक दाखवताही येत नाही. त्यासाठी प्रत्येक ठेवीचं वेगळं, टीडीएस कापण्यापूर्वीचं, आणि 'दिलेलं' व 'साचलेलं' अशी फोड करून सांगणारं व्याज हवं. पत्रात मागायचं ते हेच. उताराही लागतोच, कारण 5,670 च्या चार नोंदी आणि 3,593 ची कपात त्यातच दिसते.

संचयी ठेवीचं व्याज दरवर्षी दाखवायचं की मुदत संपल्यावर एकदम, असा प्रश्न इथे येतो. हाती आलं तेव्हाच उत्पन्न धरायचं ही पद्धतही कायद्याला मान्य आहे, मात्र ती सातत्याने पाळलेली असावी लागते. यंदा एक, पुढल्या वर्षी दुसरी असं चालत नाही. शिवाय टीडीएसचं श्रेयही उत्पन्न ज्या वर्षी दाखवाल त्याच वर्षी मिळतं. व्याज पुढे ढकलायचं आणि टीडीएस मात्र आजच वसूल करायचा, असं केलं की नवी नोटीस येतेच. कोणताही मार्ग धरला तरी साचलेल्या व्याजाचा वर्षवार दाखला लागतो.

'फॉर्म 16ए आहे, मग दाखला कशाला?'

फॉर्म 16ए हा कापलेल्या कराचा दाखला आहे. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापलाच जात नाही, त्यामुळे ते त्यात येत नाही. आणि 15एच भरून दिला असेल तर ठेवीच्या व्याजावरही कपात होत नाही. पण व्याजाची माहिती बँक खात्याला कळवतेच. '15एच दिलाय म्हणजे व्याज करमुक्त' ही समजूत अजून घट्ट आहे. तो फॉर्म फक्त कपात थांबवतो.

'नोटिशीत 2024-25 लिहिलंय, तेच वर्ष मागितलं'

हीही नेहमीची चूक, आणि हिच्यात हमखास आठवडाभर वाया जातो. नोटिशीत 'करनिर्धारण वर्ष 2024-25' असेल तर उत्पन्नाचं वर्ष त्याआधीचं: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. बँकेच्या संगणकात फक्त आर्थिक वर्ष असतं. काउंटरवरचा कर्मचारी '2024-25' ऐकतो आणि त्या आर्थिक वर्षाचा दाखला छापून देतो. दाखला खरा, शिक्का खरा, वर्ष भलतंच. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ही दुहेरी वर्षं जाऊन एकच 'करवर्ष' आलं आहे, पण जुन्या वर्षांच्या नोटिशी जुन्याच भाषेत येणार. म्हणून पत्रात वर्षाचं नाव न घालता दोन तारखा घालाव्यात.

'एक दाखला घेतला की त्या बँकेतलं सगळं आलं'

दाखला निघतो तो ग्राहक क्रमांकावर, ज्याला बँकेत सीआयएफ म्हणतात. एका माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असणं मुळीच दुर्मिळ नाही. बदलीच्या गावी नवं खातं उघडताना जुना क्रमांक सांगितला नाही, किंवा दोन बँकांचं विलीनीकरण झालं, की असे दोन क्रमांक तयार होतात. खात्याकडे माहिती जाते ती पॅनवर, म्हणजे दोन्हींची बेरीज होऊन. तुमच्या हातातल्या दाखल्यात मात्र एकच क्रमांक. फरक निघणारच. दोन्ही क्रमांक माहीत नसतील तर 'माझ्या पॅनशी जोडलेल्या सर्व ग्राहक क्रमांकांवरील' असं लिहावं.

वर्षाच्या मधेच मोडलेल्या, मुदत संपलेल्या आणि आपोआप नूतनीकरण झालेल्या ठेवी पत्रात आवर्जून लिहाव्यात. नूतनीकरणात ठेवीला नवा क्रमांक मिळू शकतो, आणि फक्त चालू ठेवींची यादी काढली तर जुना क्रमांक सुटतो. संयुक्त ठेवीचं व्याज सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर जातं, पैसे दुसऱ्याचे असले तरी. तसं असेल तर दाखल्यात दोन्ही नावं व ठेवीचा प्रकार यायला हवा.

आता बाईंचं पत्र कसं असावं ते पाहू.

> मा. शाखा व्यवस्थापक यांस,
>
> विषय: खातेउतारा व व्याजाचा दाखला तातडीने मिळणेबाबत
>
> महोदय,
>
> मी आपल्या शाखेची खातेदार आहे. ग्राहक क्रमांक, बचत खाते क्रमांक व पॅन खाली दिले आहेत. प्राप्तिकर विभागाच्या नोटिशीला मला या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. त्यासाठी 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या कालावधीचे पुढील कागद 14 तारखेपर्यंत मिळावेत, ही विनंती.
>
> 1. बचत खात्याचा संपूर्ण उतारा.
> 2. माझ्या पॅनशी जोडलेल्या सर्व ग्राहक क्रमांकांवरील बचत खाती व मुदत ठेवी (या काळात बंद अथवा नूतनीकरण झालेल्या धरून) यांच्या व्याजाचा दाखला. त्यात ठेवीनिहाय दिलेले व्याज, साचलेले व्याज आणि कापलेला टीडीएस वेगवेगळा दाखवावा.
>
> कागद माझ्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवले तरी चालतील. नियमानुसार शुल्क असल्यास माझ्या खात्यातून घ्यावे.
>
> आपली विश्वासू,

सही बँकेतल्या नमुन्याशी जुळणारी हवी. हात थरथरत असेल तर स्वतः जाऊन समोर सही केलेली बरी. मुलाला पाठवायचं असेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र सोबत द्यावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. 'ठेवून जा, बघतो' या उत्तरावर समाधान मानू नये.

नोटिशीची प्रत जोडायची गरज नाही. तिच्यात तुमच्या इतर उत्पन्नाचेही तपशील असतात आणि शाखेला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. उत्तराची तारीख सांगितली की पुरे.

'बँकेने उशीर केला तर खातं समजून घेईल'

मुदत बँकेसाठी थांबत नाही. विवरणपत्राच्या प्राथमिक छाननीत निघालेल्या फरकावर उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात, सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला 15. उत्तर गेलं नाही तर पहिल्या प्रकारात खातं सुचवलेली वाढ करून टाकतं. सविस्तर छाननीच्या नोटिशीत ई-फायलिंग पोर्टलवरच मुदतवाढ मागायची सोय आहे. ती मागताना बँकेची पोच जोडावी. कागद खरोखर मागितलेत याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

लोकपालाकडे जाण्याची धमकी पत्रात घालायचा मोह होतो. तिचा इथे उपयोग नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, 30 दिवस वाट पाहायची, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं असा तो क्रम आहे. तोवर नोटिशीची तारीख उलटलेली असते. त्यापेक्षा नेटबँकिंग असेल तर त्याच रात्री उतारा आणि दाखला स्वतः काढून पाहावा. बहुतेक मोठ्या बँकांत दोन्ही मिळतात. उरलेलं, म्हणजे जुनं वर्ष, बंद ठेव, दुसरा ग्राहक क्रमांक, एवढ्यापुरतंच शाखेला गाठावं. उत्तराची वेळ आली आणि कागद अर्धेच हाती असतील, तरी आहेत त्यांवर उत्तर द्यावं. गप्प बसणं महागात पडतं.

दाखला हाती आला की काउंटर सोडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: तारखा, पॅन, ठेवींची संख्या, आणि टीडीएसची बेरीज 26एएसशी जुळते का. बाईंच्या बाबतीत ती 6,113 यायला हवी. बँकेचाच आकडा चुकला असेल, उदाहरणार्थ दुसऱ्याची ठेव तुमच्या पॅनवर चढली असेल, तर नुसता दाखला बदलून भागत नाही. बँकेला खात्याकडे दिलेली माहिती दुरुस्त करावी लागते. तसं दुसऱ्या पत्राने मागायचं, आणि दरम्यान पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, त्या नोंदीवर हरकत नोंदवायची.

आणि ईमेलने आलेल्या उताऱ्याला बहुधा पासवर्ड असतो. तो काढून प्रत नव्याने साठवायची आणि मगच पोर्टलवर चढवायची. नाहीतर समोरच्या अधिकाऱ्याला तुमची फाइल उघडताच येणार नाही.