विवाह नेमका कधी पूर्ण होतो?

विधीचे प्रयोजन

विवाहविधी म्हणजे दोन व्यक्तींचे सामाजिक स्थान बदलणारी, ठरावीक क्रमाने आणि लोकांसमक्ष केलेली कृती. विधीपूर्वी त्या दोन घरांतल्या दोन अविवाहित व्यक्ती असतात, विधीनंतर पती-पत्नी होतात. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, तरी त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते: अपत्यांचा वंश, वारसाहक्क, निर्वाहाची जबाबदारी, दुसरा विवाह करता येईल की नाही याचे उत्तर. म्हणून प्रत्येक धर्मपरंपरेने दोघांची संमती व्यक्त होण्याची, ती इतरांनी पाहण्या-ऐकण्याची आणि बदल घडल्याची निश्चित खूण ठेवण्याची सोय केलेली आढळते. देवता, अग्नी किंवा धर्मग्रंथ यांच्या सान्निध्यामुळे या व्यवहाराला पावित्र्य येते आणि तो सहजासहजी मोडता येऊ नये अशी अपेक्षा निर्माण होते. मात्र ती निश्चित खूण कोणती, विधींच्या लांबलचक मालिकेत विवाह नेमका कोणत्या क्षणी घडतो, याची उत्तरे परंपरेगणिक वेगळी आहेत.

अंतरपाट दूर होतो तेव्हा

मराठी हिंदू विवाहात सर्वांचे लक्ष मुहूर्ताकडे असते. वधू-वर समोरासमोर उभे असतात, मध्ये अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके म्हटली जातात आणि प्रत्येक अष्टकाच्या शेवटी अक्षता पडतात. शेवटचे अष्टक संपताच अंतरपाट उत्तरेकडे ओढून घेतात, हार घातले जातात, वाजंत्री वाजू लागते. बहुतेक पाहुण्यांच्या दृष्टीने लग्न येथे लागलेले असते आणि पंगतीकडे पावले वळू लागतात. शास्त्राच्या दृष्टीने मात्र अद्याप विवाह झालेला नसतो. प्राचीन गृह्यसूत्रांच्या विवाहप्रकरणांत मंगलाष्टके नाहीत आणि मंगळसूत्रही नाही. या गोष्टी लोकाचारातून पुढे आल्या. त्या लोकाचाराला सूत्रकारांची हरकत नव्हती. आश्वलायन गृह्यसूत्रातील विवाहप्रकरणाच्या आरंभीच देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार वेगवेगळे असतात आणि विवाहात ते पाळावेत, असे सांगितले आहे. सर्वत्र समान असलेला भाग त्यानंतर येतो.

होम आणि सात पावले

हा समान भाग अग्नीभोवती घडतो. वर वधूचा हात हातात घेतो, ते पाणिग्रहण. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत अर्पण करते, हा लाजाहोम. माहेरच्या पुरुषाचा या कर्मातील हा महत्त्वाचा वाटा; वराचा कान पिळण्याचा गमतीचा मानही त्याचाच. अग्नीला प्रदक्षिणा घालताना वधू दगडावर पाय ठेवते. या अश्मारोहणाच्या मंत्रात दगडासारखी स्थिर राहा असा भाव आहे.

यानंतर सप्तपदी. तांदळाच्या सात राशींवर वधूचे उजवे पाऊल क्रमाने पडत जाते आणि प्रत्येक पावलाला एक हेतू जोडलेला असतो: अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती, ऋतू आणि शेवटी सख्य. हा क्रम विचारपूर्वक लावलेला दिसतो. घर चालण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी आधी येतात, आणि सातव्या पावलाला वधूला सखी म्हटले जाते. मनुस्मृतीनुसार विवाहमंत्रांची निष्पत्ती सातव्या पदी होते. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 मध्ये हीच कल्पना आहे: वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनुसार विवाह करता येतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. शब्दरचना काळजीपूर्वक केलेली आहे. ज्या समाजाच्या रूढीत सप्तपदी नाही त्याच्यावर ती लादलेली नाही. शिखांच्या आनंद कारजमध्ये गुरू ग्रंथसाहिबभोवती चार फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला गुरू रामदासांच्या ‘लावाँ’ या रचनेचे एक पद असते.

सप्तपदीचे एक वैशिष्ट्य सहज नजरेतून सुटते. परंपरेने मंत्र म्हणतो तो वर किंवा त्याच्या वतीने पुरोहित. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम यांत मर्यादा न ओलांडण्याचे वचन ‘नातिचरामि’ म्हणून देतो तोही वरच. वधूला स्वतंत्रपणे प्रश्न विचारला जात नाही. तिची संमती पावलांतून गृहीत धरली जाते.

जेथे शब्द म्हणजेच विवाह

इस्लामी निकाहमध्ये याच्या नेमके उलट दिसते. येथे कृती फारशी नाही. सर्व भार बोललेल्या शब्दावर आहे. एका पक्षाने प्रस्ताव मांडायचा, तो इजाब. दुसऱ्याने तो स्वीकारायचा, तो कबूल. आणि दोन्ही एकाच बैठकीत व्हायला हवेत. भारतात बहुसंख्य सुन्नी हनफी मताचे आहेत. त्या मतानुसार दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया, साक्षीदार म्हणून उपस्थित असावे लागतात. वधू दुसऱ्या दालनात असेल तर तिचा वकील साक्षीदारांसह तिच्याकडे जातो, वराचे नाव व मेहेरची रक्कम सांगून तिची संमती घेतो आणि मग बैठकीत परततो. मेहेर हा पत्नीचा स्वतःचा हक्क आहे. रक्कम ठरवायची राहून गेली तरी निकाह बाद होत नाही; पत्नीच्या घराण्यातील तत्सम स्त्रियांना मिळालेल्या मेहेरच्या प्रमाणात पती तो देणे लागतो. काझींचे प्रवचन, म्हणजे खुतबा, पुण्यकारक मानले जाते, पण ते नसले तरी निकाह वैधच राहतो.

कॅथलिक धर्मशास्त्रातही विवाह घडवते ती संमतीच. लॅटिन परंपरेत हा संस्कार वधू-वर एकमेकांना देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतो. दोघे स्वेच्छेने आले आहेत ना, आयुष्यभर एकनिष्ठ राहणार ना, हे आधी विचारले जाते. मग दोघेही वचन उच्चारतात, आणि अंगठ्या त्यानंतर येतात. केवळ संमती पुरेशी मानण्यातून मध्ययुगीन युरोपात एक अडचण उभी राहिली. दोघांनी एकांतात वचन दिले तरी विवाह वैध ठरे, आणि पुढे एकाने ते नाकारले तर सिद्ध करायला काहीच नसे. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्या उपस्थितीशिवाय झालेला विवाह अवैध ठरवला. संमतीचे महत्त्व कायम राहिले, पण ती जाहीरपणे देणे अनिवार्य झाले.

पडदा आणि तांदूळ

शब्दांत इतके अंतर असले तरी विधीतील वस्तू परंपरांच्या सीमा सहज ओलांडतात. पारशी विवाहात वधू-वरांच्या मध्ये कापड धरतात, दोघांभोवती सात वेळा सूत गुंडाळतात, आणि कापड दूर होताच दोघे एकमेकांवर तांदूळ टाकतात. आधी कोण टाकतो याची चुरस असते. मराठी अंतरपाट व अक्षता यांच्याशी असलेले साम्य उघड आहे. कायदेशीर विवाह मात्र कापडावर अवलंबून नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायदा, 1936 नुसार धर्मगुरूने, त्याच्याखेरीज आणखी दोन पारशी साक्षीदारांसमोर, ‘आशीर्वाद’ हा विधी केला पाहिजे. कोकणातील बेने इस्राएल ज्यूंच्या लग्नाआधी मेहंदीचा थाट स्थानिक असतो, पण विवाह घडतो तो साक्षीदारांसमोर अंगठी देताना उच्चारलेल्या हिब्रू वाक्याने. सजावटीचा भाग शेजारधर्माने बदलतो. गाभ्याचा विधी फारच हळू बदलतो.

विधी अपुरा राहिला तर

गाभा आणि सजावट यांतील हा फरक महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात निर्णायक ठरला. निकाल 1965 चा. पहिली पत्नी हयात असताना एका पुरुषाने दुसरे लग्न केले म्हणून त्याला खालच्या न्यायालयात शिक्षा झाली होती. त्याचा बचाव असा की दुसऱ्या वेळी आवश्यक विधी झालेच नव्हते. गांधर्व पद्धतीने लग्न झाल्याचे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. पण त्या पद्धतीत होम व सप्तपदी गाळण्याची रूढी त्या समाजात आहे, हे सिद्ध झाले नाही. न्यायालयाने म्हटले की कायद्याला अभिप्रेत असलेला विवाह म्हणजे यथाविधी साजरा झालेला विवाह. दुसरा विवाह तसा झालाच नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही झाला नाही, आणि आरोपी सुटला.

तर्क निर्दोष आहे, परिणाम मात्र अस्वस्थ करणारा. विधी जितका अर्धवट, तितका फसवणाऱ्याचा बचाव भक्कम. आणि जिच्याशी असे लग्न लागले त्या स्त्रीला पत्नीचा दर्जाही मिळत नाही. म्हणूनच अशा वादांत कोणी हार घातले यापेक्षा होम पेटला होता का, पुरोहित कोण होता, सात पावले कोणी पाहिली, हे प्रश्न विचारले जातात. छायाचित्रांत बहुधा मंगलाष्टकांचा क्षण भरपूर असतो. सप्तपदीच्या वेळी मंडप अर्धा रिकामा झालेला असतो.

वचने बदलतात तेव्हा

गाभा हळू बदलतो, पण तो जाणीवपूर्वक बदलल्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताशिवाय विवाह लावण्यास सुरुवात केली. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते आणि वराला उत्तर द्यावे लागते. मुहूर्ताची लोकप्रिय चौकट तशीच ठेवून तिच्यात परस्पर वचन बसवले गेले, आणि पारंपरिक विधीत मौन असलेल्या वधूला वाणी मिळाली. 1956 च्या धर्मांतरानंतर रूढ झालेल्या बौद्ध विवाहपद्धतीत अग्नी नाही. बुद्ध आणि डॉ. आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील घेतले जाते, आणि वधू व वर दोघेही प्रतिज्ञा उच्चारतात.

नोंदणीचे स्थान

नोंदणी हा विवाहाचा पुरावा आहे. हिंदू विवाह कायद्याखाली ती विधीची जागा घेऊ शकत नाही; विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवलेल्या जोडप्याचा विवाह झालाच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. धार्मिक विधी नको असेल त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, 1954 आहे. त्यात 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, आणि दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे ठरलेले वाक्य उच्चारल्याखेरीज विवाह पूर्ण होत नाही. म्हणजे देवता वगळली तरी संमती, साक्ष आणि उच्चार सुटलेले नाहीत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे क्रम निराळा आहे: तेथील हिंदू वधू-वर आधी निबंधकासमोर विवाहाचा इरादा जाहीर करतात, काही काळाने पुन्हा जाऊन सह्या करतात, आणि कायद्याच्या दृष्टीने पती-पत्नी होतात ते त्या सह्यांनी, होम व सप्तपदी मंडपात वेगळ्या दिवशी होतात.