वजन कोणी करायचं, अर्थ कोणी लावायचा

भारतात बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. झालेल्या, इथल्या कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या सिस्टरलाही अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं असेल तर एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते. परीक्षा संगणकावर असते. प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा ते संगणक ठरवतो. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. औषधांची मात्रा, आजारांची लक्षणं, आपत्कालीन उपचार यांत आपल्याकडच्या सिस्टर चांगल्या तयार असतात. त्या अडखळतात ते वॉर्ड चालवण्याच्या प्रश्नांवर. २०२३ च्या आराखड्यात या विभागाला १५ ते २१ टक्के वाटा आहे, आणि त्यात हमखास येणारा एक प्रश्न असा असतो: खालीलपैकी कोणतं काम नर्सने असिस्टंटकडे सोपवावं?

प्रश्न दिसायला सोपा आहे. पण तो बरोबर सोडवायचा तर हा असिस्टंट कोण, हे नीट माहीत हवं. अमेरिकेतल्या वॉर्डात रजिस्टर्ड नर्सच्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट असतात. तिथल्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या असिस्टंटला केंद्रीय कायद्यानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे असतात. काही राज्यांनी याहून जास्त तास ठेवले आहेत. एवढ्या शिक्षणात माणूस आंघोळ घालायला, कूस बदलायला, बेडपॅन द्यायला, पेशंटला धरून चालवायला, बीपी-नाडी-तापमान मोजायला, लघवीचं माप घ्यायला उत्तम शिकतो. मोजून आलेला आकडा या पेशंटच्या बाबतीत काय सांगतो, हे मात्र त्याला शिकवलेलं नसतं. ते नर्सचं शिक्षण आहे आणि त्याची कायदेशीर जबाबदारीही नर्सचीच आहे.

एक प्रश्न घेऊन बघू. सकाळचे सात वाजलेत, ड्युटी नुकतीच सुरू झाली आहे. नर्सकडे चार पेशंट आहेत आणि मदतीला एक असिस्टंट. समोर चार कामं आहेत. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं रोजचं वजन करायचं आहे. काल रात्री पक्षाघाताचा झटका येऊन दाखल झालेल्या आजोबांना पहिला नाश्ता भरवायचा आहे. काल संध्याकाळी पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईंना पहिल्यांदा पलंगावरून उठवून चालवायचं आहे. आणि आज घरी जाणाऱ्या पेशंटला कमी मिठाचं जेवण कसं करायचं ते समजावून सांगायचं आहे. यातलं एकच काम असिस्टंटला द्यायचं.

आपल्याकडच्या अनेक जणी पटकन नाश्त्यावर बोट ठेवतात, आणि त्याचं कारण मला समजतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात पेशंटला भरवायचं काम नातेवाईक करतात, नाहीतर मावशी करतात. सिस्टरच्या वाट्याला इंजेक्शनं, सलाइन, डॉक्टरांचा राउंड आणि रजिस्टरं येतात. त्यामुळे भरवणं म्हणजे कोणीही करण्याजोगं काम, असं मनात पक्कं बसलेलं असतं. पण या आजोबांना झटका येऊन अजून एक दिवसही झालेला नाही. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू अनेकदा दुबळे होतात, आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि पक्षाघाताच्या पेशंटचा जीव घेणाऱ्या कारणांत तो एक मोठं कारण आहे. कधी कधी घास चुकीच्या वाटेने गेला तरी पेशंट खोकतसुद्धा नाही, म्हणून समोर बसलेल्याला काही कळत नाही. त्यामुळे गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीच द्यायचं नाही. तपासणीनंतरही पहिल्या घासांच्या वेळी आवाज ओलसर होतोय का, घास गालात साठून राहतोय का, श्वास वाढतोय का, हे जाणत्या नजरेने बघावं लागतं. म्हणून हे काम नर्सचं. आठवडाभरानं त्यांचं गिळणं सुरक्षित आहे हे ठरलं, अन्न किती घट्ट असावं हे नक्की झालं, की ताठ बसवून लहान लहान घास देण्याचं काम असिस्टंटला देता येतं. काम बदलत नाही, पेशंटची अवस्था बदलते.

ऑपरेशन झालेल्या बाईंनाही हेच लागू पडतं. पहिल्यांदा उभं करताना बीपी एकदम उतरू शकतं, चक्कर येऊ शकते, जखमेतून रक्त येऊ शकतं. आपण उठवल्यावर नेमकं काय होईल हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून पहिली वेळ नर्सची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाई स्थिर असतील तर, त्यांना व्हरांड्यात फेरी मारून आणण्याचं काम असिस्टंटला आनंदाने द्यावं. मिठाचं समजावणं तर कुठल्याही दिवशी असिस्टंटकडे जात नाही. शिकवणं म्हणजे पत्रक वाचून दाखवणं नव्हे. पेशंटला किती कळलं ते जोखावं लागतं, लोणचं-पापड चालेल का यासारख्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. आधी नर्सने शिकवलेल्याची आठवण करून देणं, हे मात्र असिस्टंट करू शकतो.

राहिलं वजन, आणि तेच बरोबर उत्तर आहे. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं असतं. पद्धत ठरलेली आहे, पेशंट स्थिर आहे आणि वजन करताना काही अनपेक्षित घडण्याची शक्यता फार कमी आहे. असिस्टंट हे काम नर्सइतकंच अचूक करतो.

पण इथे थांबलं तर अर्धंच उत्तर झालं. समजा काल वजन ६८.२ किलो होतं आणि आज ६९.६ आलं. एका दिवसात १.४ किलो चरबी वाढत नाही, हे शरीरात साठलेलं पाणी आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. हृदय पाणी पुढे ढकलायला कमी पडतंय, याची ही लवकर मिळणारी खूण आहे. असिस्टंटने ६९.६ लिहून काटा जागेवर ठेवला तर त्याने आपलं काम चोख केलं. फुप्फुसाच्या तळाशी घरघर ऐकू येते का, पायावर सूज किती आहे, रात्रीत लघवी किती झाली, लघवी वाढवणारं औषध दिलं गेलं का, डॉक्टरांना कळवायचं का, हे सगळं नर्सने बघायचं. पुढची कित्येक उदाहरणं या एकाच रेषेवर सुटतात: मोजणं सोपवता येतं, अर्थ लावणं सोपवता येत नाही.

ही परीक्षा घेणाऱ्या, अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१६ मध्ये काम सोपवण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१९ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनबरोबर त्यावर संयुक्त निवेदनही आलं. त्यांत पाच गोष्टी योग्य आहेत का ते तपासायला सांगितलं आहे: काम, परिस्थिती, व्यक्ती, सूचना आणि देखरेख. पहिल्या दोन आपण वरच्या चार पेशंटमध्ये पाहिल्या. क्लासमध्ये सगळा वेळ त्यांच्यावरच जातो आणि शेवटच्या दोन पाठ करून सोडून दिल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. वॉर्डात घात होतो तो बहुतेकदा सूचना देतानाच.

“जरा सगळ्यांचं बीपी बघून घ्या,” असं म्हणणं म्हणजे सूचना नव्हे. असिस्टंट सगळ्यांचं बीपी घेईल, चार्टवर लिहील आणि दुसऱ्या कामाला लागेल. त्यात एकाचं ८८ वर ५० असलं तरी नर्सला ते जेवणाच्या सुट्टीनंतर कळेल. योग्य सूचना अशी असते: “नऊ वाजता चार नंबरच्या बाईंचं बीपी आणि नाडी घ्या. वरचं बीपी १०० च्या खाली किंवा नाडी ११० च्या वर असेल तर लगेच येऊन मला सांगा, मी सहा नंबरच्या खोलीत असेन.” यात कोणाचं, काय, कधी, कुठल्या आकड्याला थांबायचं आणि कोणाला सांगायचं, हे सगळं आलं. हे आकडे या पेशंटसाठी ठरवलेले आहेत. दुसऱ्या पेशंटला ते वेगळे असतील, आणि ते ठरवणं हे पुन्हा नर्सचंच काम. शेवटी असिस्टंटला विचारायचं, हे काम आधी केलंय का, काही शंका आहे का. दुसऱ्या वॉर्डातून आजच्यापुरता आलेला असिस्टंट, ज्याने ड्रेनची पिशवी कधी रिकामी केलेली नाही, त्याला ते काम नुसतं तोंडी सांगून जमत नाही. आणि त्यानेही ते काम परस्पर तिसऱ्याला द्यायचं नसतं. तत्त्वांमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे.

याच्या पुढचा प्रश्नही परीक्षेत नेहमी येतो. असिस्टंट धावत येऊन सांगतो, चार नंबरचं बीपी ८८ वर ५० आहे. नर्सने आधी काय करावं? डॉक्टरांना फोन, असिस्टंटला पुन्हा मोजायला सांगणं, सलाइनचा वेग वाढवणं, की स्वतः पेशंटकडे जाणं? इथे जवळजवळ नेहमीच स्वतः जाणं हे उत्तर असतं. पट्टा हाताच्या मापाचा होता का, बाई शुद्धीवर आहेत का, त्वचा गार आणि घामेजलेली आहे का, पोट फुगलंय का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डॉक्टरांना सांगायला हातात काहीच नसतं. आकडा आणणं असिस्टंटला सोपवलं होतं, त्या बाईंची जबाबदारी नर्सकडेच राहिली होती.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच होते. शंका आली की “मीच करते” हा पर्याय निवडायचा, ही कष्टाळू सिस्टरची सवय असते. इथल्या वॉर्डात एकीला तीस-चाळीस पेशंट सांभाळावे लागतात आणि अंगाला कष्टांची सवय झालेली असते, त्यामुळे ती सहज सुटत नाही. पण स्थिर पेशंटचं स्पंजिंग करण्यात नर्सची वीस मिनिटं गेली, तर तेवढा वेळ पक्षाघाताच्या आजोबांकडे बघायला कोणी नसतं. म्हणून परीक्षेत सोपवता येणारं काम स्वतःकडे ठेवणं हेही चुकीचंच उत्तर धरलं जातं.

ही परीक्षा सगळ्या राज्यांसाठी एकच आहे, म्हणून तिथे सर्वसाधारण नियम धरून उत्तर द्यायचं. नोकरीवर रुजू झाल्यावर मात्र त्या राज्याचा नर्सिंग कायदा आणि त्या रुग्णालयाचं धोरण वाचावंच लागतं. काही राज्यांत वेगळं प्रशिक्षण घेतलेले सहायक ठरावीक ठिकाणी गोळ्याही देतात. बोट टोचून साखर तपासण्याचं काम काही रुग्णालयांत असिस्टंट करतात आणि काहींत करत नाहीत. पण ती साखर ५४ आली, तर घाम फुटलाय का, बोलणं अडखळतंय का ते बघून, पेशंट गिळू शकत असेल तर तोंडाने साखर द्यायची की शिरेतून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे ठरवायला कुठल्याही राज्यात नर्सलाच जावं लागतं.